‘बघू’चा भाव

चिकलठाण्याच्या विमानतळातून बाहेर पडलेल्या परदेशी पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत तीन प्रश्न विचारले जातात. कुठून आलात? पहिल्यांदाच का? आणि वेरूळ की अजिंठा? पाहुणा बॅग ओढत तिन्ही प्रश्नांना हसून, सविस्तर उत्तरं देतो. त्याला वाटतं, काय ही आपुलकी! आपुलकी असते, नाही असं नाही. पण देश सांगितला की ऐपत कळते, पहिल्यांदाच आलोय म्हटलं की याला इथले दर माहीत नाहीत हे कळतं, आणि वेरूळ म्हटलं की दिवसभराचा बेत कळतो. एवढ्या माहितीवर आमच्याकडचा प्लॉटिंगवाला एजंट इसार पावती फाडून मोकळा झाला असता. रिक्षावाला बिचारा फक्त हिमरू शालींच्या दुकानावरून एक चक्कर टाकतो.

पाहुणा काही अगदीच कोरा आलेला नसतो. विमानात बसून त्याने तीन-चार शब्द घोकलेले असतात. नमस्ते, धन्यवाद, कितना. झालं! तिन्ही शब्द गप्पा सुरू करणारे. संपवणारा एकही नाही. परक्या मुलखात जाताना माणूस तिथलं ‘होय’ शिकून जातो आणि ‘नाही’ मात्र स्वतःच्या भाषेतलंच घेऊन जातो. मग ते ‘नाही’ समोरच्याला कळलं नाही की तक्रार करतो.

हा सगळा खेळ नीट बघायचा असेल तर अजिंठ्याला जा. लेणी बघा, ती तर बघाच, पण त्याआधी तासभर फर्दापूरजवळच्या टी पॉइंटला थांबा. खासगी गाडी तिथेच लावावी लागते. पुढचे चार किलोमीटर एसटीच्या बसने जायचं, कारण गाड्यांच्या धुराने चित्रांचं नुकसान होऊ नये. चांगला विचार आहे. आता गाडीतळ आणि बस यांच्या मध्ये दुकानांच्या रांगा आहेत, आणि बसपर्यंत जाणारी वाट त्यांच्यामधूनच जाते. म्हणजे गौतम बुद्धांच्या शांत मुद्रेचं दर्शन घ्यायचं तर आधी मण्यांच्या माळा, दगड, पोस्टकार्डं आणि टोप्या यांच्यातून पार व्हायचं. येतानाही तेच. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात इथे येऊन पोहोचला आणि दहाव्या लेण्यात चित्रावर स्वतःचं नाव कोरून गेला. त्या वेळी टी पॉइंट असता तर पठ्ठ्या कोरीवकामाला वेळ मिळण्याआधीच पाच किलो दगड घेऊन परत गेला असता.

दगडांबद्दल एक सांगून ठेवतो, नाहीतर वाचकांना वाटेल की सगळी फसवाफसवीच आहे. तसं नाही. दख्खनचं पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचं. तो थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या, आणि पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपून स्फटिक वाढले. विहीर खणताना, खाणीत सुरुंग लावताना ते सापडतात. पीच रंगाचा स्टिलबाइट, काचेसारखा किंवा हिरवट अपोफिलाइट, आत चकाकणारा गारगोटीचा गोळा. जगभरचे खनिजसंग्राहक जळगावपासून पुण्यापर्यंतचे हे स्फटिक नावाने ओळखतात. तेव्हा विक्रेत्याचा माल बहुतेक वेळा अस्सल असतो. गोळ्याच्या आत शाईसारखा निळा किंवा गुलाबी रंग दिसला तर मात्र ती कृपा निसर्गाची नव्हे, रंगाच्या डबीची. असो. मुद्दा असा की माल चांगला असला तरी तो प्रत्येकाला हवाच असतो असं नाही. आणि नको असताना तो गळ्यात कसा पडतो, ते बघण्यासारखं आहे.

मी पाहिलेला एक सौदा सांगतो. पन्नाशीचं एक युरोपियन जोडपं, दोघांच्याही डोक्यावर नवीकोरी टोपी. टोपी इथलीच, म्हणजे पहिली विकेट आधीच पडलेली. दगडवाला पुढे येतो. तो दगड विकतच नाही. नखाएवढा एक चकचकीत तुकडा बाईंच्या तळहातावर ठेवतो आणि म्हणतो, “गिफ्ट, मॅडम. नो मनी.” बाई परत करायला जातात. तो दोन पावलं मागे सरकतो, हात पाठीशी. आता तुकडा बाईंचा झाला. “ओन्ली रिमेंबर माय शॉप नंबर.” एवढीच त्याची मागणी. बस उभी आहे, नवरा घाई करतोय, बाई सुसंस्कृत. त्या म्हणतात, “मे बी लेटर.”

संपलं. सौदा इथे झाला. पैसे तीन तासांनी आले, एवढंच.

कारण ‘नंतर बघू’ हा बाईंच्या दृष्टीने नकार होता आणि दगडवाल्याच्या दृष्टीने वायदा. तीन तासांनी बस परत आली तेव्हा तो पायरीशी हजर होता. त्याला चेहरा आठवत होता, देश आठवत होता, नवऱ्याचं नावसुद्धा आठवत होतं. “मॅडम, यू सेड लेटर. नाऊ इज लेटर.” या युक्तिवादात तार्किक चूक कुठे आहे ते मला आजतागायत सापडलेलं नाही. बाई उन्हात पायऱ्या चढून-उतरून दमलेल्या, खिशात फुकटचा तुकडा, आणि वर आपण शब्द मोडतोय ही बोच. हजाराला सुरू झालेला गोळा तीनशेला गेला. दगडवाल्याने तो वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, बाईंनी जिंकल्यासारखं हसून घेतला. दोघंही खुश. बाईंच्या नवऱ्याचा चेहरा तेवढा बघण्यासारखा होता, कारण तो गोळा उचलायचा होता त्याला.

आता याच ठिकाणी नकार कुठे कुठे फसतो ते बघू. पहिली जागा ‘नंतर’ची, ती झाली. दुसरी जागा कारण देण्याची. सभ्य माणसाला नुसतं ‘नको’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, म्हणून तो पुढे ‘कारण’ जोडतो. बॅगेत जागा नाही म्हणाला, की लहान दगड निघतो. वजन होतं म्हणाला, की माळ निघते. पैसे नाहीत म्हणाला, की कार्ड चालतं. मी आधीच घेतलाय म्हणाला, की “कितनेको दिया? उससे कम में देता.” आणि ‘माझ्या बायकोला आवडत नाही’ असं म्हणालात तर तो थेट बायकोकडे वळतो. विक्रेता दिवसभर हीच कारणं ऐकत असतो. तुमचं कारण तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा देत असता, त्याने ते सकाळपासून अनेकदा निकालात काढलेलं असतं. कारण दिलं की चर्चा सुरू झाली, आणि चर्चेत तो तुमच्यापेक्षा चांगला आहे.

तिसरी जागा जास्त मजेची आहे. काही पाहुणे स्वतःच्या भाषेत नकार देतात, या समजुतीने की समोरच्याला भाषा कळत नसली तरी सूर कळेल. अजिंठ्याला हा हिशेब साफ चुकतो. तिथल्या पोरांना जपानी येतं, फ्रेंच येतं, थोडं स्पॅनिशही येतं. शाळेत जेमतेम गेलेला मुलगा जपानी आजोबांना ‘कोन्निचिवा’ म्हणतो, ‘यासुई’ म्हणजे स्वस्त म्हणतो, ‘मिरु दाके’ म्हणजे नुसतं बघा म्हणतो. आजोबा कमरेत वाकून जपानीतून अत्यंत शिष्ट नकार देतात. पोरगा शांत. त्याच्या जपानीत नकाराचा धडाच नाही! तो त्याने घेतलाच नाही. घेऊन करायचंय काय?

चौथा प्रकार हुशार लोकांचा. हे लोक इथली भाषा चांगली शिकून येतात. एक गोरा तरुण उच्चार सांभाळून, पूर्ण वाक्यात सांगत होता, “मला आत्ता काही विकत घ्यायचं नाही.” वाक्य बिनचूक. परिणाम उलटा. चार दुकानं सोडून लोक बघायला आले. “अरे, मराठी बोलतोय!” कुठे शिकलास, किती दिवस झाले, लग्न झालं का. त्या पोराने मराठी बोलून एक दगडवाला टाळला आणि सहा मिळवले. परक्या भाषेतला नकार चांगला असावा, पण फार चांगला असू नये, हे त्या दिवशी कळलं.

मग चालतं काय? त्याच दिवशी एक साठीच्या बाई एकट्याच चालल्या होत्या. पायात साध्या चपला, खांद्याला कापडी पिशवी. पहिला विक्रेता पुढे आला. त्यांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, उजवा हात छातीशी नेला, म्हणाल्या, “नको, दादा,” आणि चालत राहिल्या. थांबल्या नाहीत, वेग वाढवला नाही, मागे वळून हसल्याही नाहीत. दुसऱ्याला तेच. त्याच सुरात, तेच दोन शब्द. तिसरा उठलाच नाही. नुसता म्हणाला, “जाऊ दे रे, पक्की आहे.”

पक्की आहे! हा आमच्या मुलखातला मोठा किताब आहे, आणि तो त्या बाईंना दोन शब्दांत मिळाला. त्या दोन शब्दांत सगळं होतं. ‘नको’ने वस्तू नाकारली आणि ‘दादा’ने माणूस राखला. नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तर ते प्रश्नाचं उत्तर झालं असतं आणि पुढचा प्रश्न आला असता. ‘धन्यवाद’ म्हटलं असतं तर बाजारात कुणीतरी आभारप्रदर्शन करतंय असं वाटलं असतं. आपण स्वतः भाजीवाल्याला कधी धन्यवाद म्हणतो? आणि ‘नको ना’ म्हटलं असतं तर घात झाला असता, कारण त्या ‘ना’मध्ये अजून आग्रहाला वाव आहे. पंगतीत जिलबीला ‘नको ना’ म्हणणाऱ्याच्या ताटात दोन जिलब्या पडतात, हे वाढप्याला ठाऊक असतं आणि खाणाऱ्यालाही.

आमच्या शहराची आणखी एक सोय आहे. इथला निम्मा बाजार दखनी बोलतो, आणि दखनीने हा शब्द मराठीकडूनच घेतलाय. ‘नक्को’ म्हणतात, तेवढा एक ककार जास्त. त्यामुळे पाहुण्याने एक शब्द शिकला की पाणचक्कीपासून फर्दापूरपर्यंत, दादाला चालतो आणि भाईलाही चालतो. पाठ करून आणलेलं ‘नहीं चाहिए’ चुकीचं नाही, पण लांब आहे. ते म्हणून होईपर्यंत माळ गळ्यात असते.

नकार एवढा कोरडा दिला तर विक्रेत्याला वाईट वाटत नाही का, असं आमच्या एका हळव्या मित्राने विचारलं. मी दगडवाल्याचीच बाजू सांगितली. बस सुटायला दहा मिनिटं असतात. त्यात बसमधून उतरलेल्यांपैकी घेणारे दोघं-तिघंच असतात, आणि ते नेमके कोण हे त्याला शोधायचं असतं. ‘मे बी’ म्हणणारा त्याचा वेळ खातो. शेवटी घेत नाही तो वेगळाच. पहिल्या फटक्यात ‘नको’ म्हणणारा त्याला मोकळा करतो. त्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट गिऱ्हाईक म्हणजे जे वीस मिनिटं दगड हाताळतं, प्रत्येकाचा भाव विचारतं, फोटो काढतं आणि मग गोड हसून निघून जातं. त्याला तिथे जो शब्द वापरतात तो छापता येणार नाही.

एक नियम मात्र सगळीकडे चालत नाही. जगभर फिरणाऱ्यांना एक धडा पाठ असतो. स्थळाबाहेर कुणी सांगितलं की ‘आज बंद आहे’, तर समजायचं की तो थापा मारतोय. हा धडा बँकॉकचा. तिथल्या राजवाड्याच्या भिंतीशी एखादा सद्गृहस्थ भेटतो आणि अत्यंत दुःखाने सांगतो की राजवाडा आज बंद आहे, पण काळजी नको, माझ्या ओळखीचा टुकटुकवाला आहे, तो तुम्हाला दुसरं देऊळ दाखवेल. देऊळ दाखवतो, मग रत्नांच्या दुकानात नेतो. तिथली रत्नं बघितली तर आपला दगडवाला साधुसंत वाटावा. राजवाडा मुळात एखाद्या शाही समारंभाचा दिवस सोडला तर रोज उघडा असतो. तेव्हा तिथे त्या सद्गृहस्थाला ‘खॉप खुन ख्रप’ म्हणजे धन्यवाद म्हणून सरळ दरवाज्यापर्यंत चालत जायचं. दरवाजा काय ते खरं सांगतो.

हा धडा घोकलेला एखादा प्रवासी मंगळवारी आमच्याकडे उतरतो. रिक्षावाला प्रामाणिकपणे सांगतो, “साब, आज एलोरा बंद है.” प्रवासी मनात हसतो. मला शिकवतोस? आणि ताठ मानेने दुसरी गाडी ठरवून तीस किलोमीटरवर वेरूळला जातो. तिथे कळतं की वेरूळ मंगळवारी खरोखरच बंद असतं. अजिंठा सोमवारी बंद. शंभर किलोमीटर जाऊन कळलं तर अजूनच मजा. जगातल्या दलालांनी मिळून आमच्या रिक्षावाल्याची पत घालवली आहे, त्याने एकदा खरं बोलून बघितलं तरी कुणी ऐकत नाही.

आता आपण बाहेर जातो तेव्हाची गोष्ट. पूर्वी आमच्याकडून परदेशी जाणारा माणूस म्हणजे एमआयडीसीतला मशीन आणायला किंवा शिकायला निघालेला इंजिनिअर. आता सिडकोतली अख्खी बिशी थायलंडला जाते. आणि जाताना आपण सोबत काय नेतो? चिवडा, लोणचं आणि ‘बघू’.

‘बघू’ हा आपला राष्ट्रीय नकार आहे. मुलीच्या स्थळाला ‘बघू’, पाहुण्याच्या जेवणाच्या आमंत्रणाला ‘बघू’, नगरसेवकाला रस्त्याबद्दल विचारलं तर त्याचंही ‘बघू’. आपल्यात सगळ्यांना कळतं की याचा अर्थ नाही असा आहे. पण हा शब्द कैरोतल्या पिरॅमिडशेजारच्या उंटवाल्यासमोर इंग्रजीत उतरवला की त्याचं ‘लेटर’ होतं, आणि उंटवाला टी पॉइंटच्या शाळेतलाच आहे. वर उंटाची गोष्ट अशी की चढायचा भाव ठरलेला असतो, उतरायचा ठरलेला नसतो. आणि उंट बसल्याशिवाय उतरता येत नाही. उंचावर बसून घासाघीस करणं ही जगातली सर्वांत दुबळी स्थिती असावी. तेव्हा चढण्याआधीच ‘ला, शुक्रन.’ म्हणजे नको, धन्यवाद. तिथे धन्यवाद लागतो, आपल्यासारखा तो जड वाटत नाही. चालता चालता म्हणायचं, एकदा, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा म्हणायचं नाही. तिसऱ्यांदा म्हणणारा अजून चर्चेत आहे असाच अर्थ निघतो.

दुसरी आपली सवय म्हणजे भाव विचारण्याची. घ्यायचं नसतं, ठरलेलं असतं, तरी ‘कितीला दिला?’ हे तोंडून निघतंच. सराफ्यातून नुसतं जाताना पैठणीचा भाव विचारून पुढे जाणारी माणसं आपण. आपल्या बाजारात हा निरुपद्रवी छंद आहे. बँकॉकच्या रात्रबाजारात आकडा विचारला की कॅल्क्युलेटर पुढे येतो, तुमच्या हातात दिला जातो, आणि ‘तुम्ही किती देता’ असं विचारलं जातं. तुम्ही गंमत म्हणून अगदीच अशक्य आकडा दाबता. ती बाई दोन क्षण दुःखी दिसते आणि पिशवीत भरायला लागते. आता नाही म्हणणं हा खरा उद्धटपणा आहे, आणि तो दोष तिचा नाही. तिथलं ‘नको’ फार सोपं आहे. ‘माइ आउ’. पुरुषाने शेवटी ‘ख्रप’ लावायचं, बाईने ‘खा’. ती शेपटी तोडली तर नकार फटकळ होतो. ‘माइ’ म्हणताना आवाज वरून खाली सोडायचा. हे सगळं भाव विचारण्याच्या आधी म्हणायचं. भाव विचारून झाल्यावर या वाक्याचा कुठल्याच भाषेत उपयोग नाही.

तिसरी सवय हाताची. पॅरिसला मोंमार्त्रच्या टेकडीवर एक पांढरंशुभ्र चर्च आहे, त्याच्या पायऱ्यांशी रंगीत दोरे घेतलेली तरुण मुलं उभी असतात. ती बोटाला दोरा अडकवतात, गप्पा मारत भराभर वीण घालतात, गाठ मारतात, आणि मग पैसे. जगातले बाकीचे लोक दोरा बघून हात मागे घेतात. आपण काय करतो? आपल्याला देवळाबाहेर कुणी दोरा दाखवला की उजवा हात आपोआप पुढे जातो, डावा हात त्याच्या कोपराला लागतो आणि मान थोडी झुकते. इतकं तयार गिऱ्हाईक त्या मुलांना दुसऱ्या देशातून मिळत नसेल. तिथे ‘नों, मेर्सी’ म्हणायचंच, पण म्हणताना हात खिशात. भाषा नंतर, खिसा आधी. आपला दगडवाला तळहातावर तुकडा ठेवतो तेही हेच. वस्तू एकदा अंगाला लागली की नकार देणाऱ्यावर ती परत करण्याचं काम पडतं, आणि परत घेणारा हात पाठीशी बांधून उभा असतो.

आणि मान! इस्तंबूलच्या बाजारात गालिचेवाला चहा देतो. चहा प्यायला हरकत नाही, त्याने कुणी बांधलं जात नाही, आणि चहा चांगला असतो. पण गालिचे उलगडायला लागल्यावर आपण जी मान डोलावतो, म्हणजे हो-नाही-ठीक-छान-कळलं या सगळ्यांची मिळून एक, ती तिथे कुणालाही नकार वाटत नाही. तुर्की माणूस नकार देताना भुवया उंचावतो, मान किंचित मागे नेतो आणि जिभेने ‘च्’ करतो. आपल्याकडे हाच ‘च्’ एखाद्याची कीव करताना निघतो. ते जमत नसेल तर तोंडाने ‘इस्तेमियोरुम’ म्हणा, म्हणजे मला नको. आणि मान स्थिर ठेवा. मराठी माणसाला शब्द सोपा जाईल, मान अवघड.

पण हे सगळं जमलं तरी शेवटी एक मोठा अडथळा राहतो, आणि तो परदेशात नाही, आमच्या चिकलठाण्यात आणि शेंद्र्यात आहे. कंपनीत जर्मन किंवा कोरियन पाहुणे येतात. रविवारी त्यांना वेरूळ दाखवायचं काम एखाद्या उत्साही असिस्टंट मॅनेजरकडे येतं. पाहुण्याने इंटरनेटवर बघून ‘नको’ शिकलेलं असतं, तो ते म्हणतोही. माळवाला मागे फिरतो. आणि तेवढ्यात आपले साहेब मध्ये पडतात, “थांब रे, कितीला म्हणालास? अरे पाहुणे आहेत आमचे, नीट सांग!” पाहुण्याला माळ नको आहे. साहेबांनाही नको आहे. पण आता मुद्दा माळेचा राहिलेला नाही, जिल्ह्याच्या अब्रूचा झालाय. पाच मिनिटं दणकून घासाघीस होते, पाचशेची माळ दीडशेवर येते, साहेब विजयी मुद्रेने पाहुण्याकडे बघतात आणि म्हणतात, “व्हेरी चीप!” जर्मन माणूस निमूटपणे पैसे काढतो. त्याने एका शब्दात मोडलेला सौदा आपण त्याच्या खर्चाने जुळवून दिलेला असतो.

या साहेबांना माझी एवढीच विनंती आहे. पाहुण्याने ‘नको, दादा’ म्हटलं की तुम्ही गप्प बसा आणि चालायला लागा. भाव विचारू नका, कमी करून मागू नका, ‘येताना बघू’ असं तर मुळीच सांगू नका. माळवाल्याला तुमचं मराठी उत्तम कळतं, आणि संध्याकाळी गाडीपाशी तो तुमच्या पाहुण्याला नाही, तुम्हाला गाठणार आहे.